बहात्तर मीटरचा ट्रस, चार मेंबर आणि छेद पद्धत : कामाच्या नोंदी

२१ ऑक्टोबर : काय करायचं आहे

खाडीवरचा जलवाहिनीचा जुना पूल. दोन ट्रस, म्हणजे लोखंडी दांड्यांचे त्रिकोणी सांगाडे, मध्ये लोखंडी पट्ट्यांची पायवाट आणि ६०० मिलिमीटर व्यासाची पाण्याची पाईप. पावसाळा संपल्यावरच्या पाहणीत समुद्राकडच्या ट्रसमध्ये चार मेंबर, म्हणजे त्यातले दांडे, जास्त गंजलेले सापडले. त्यांना प्लेटा लावायच्या, तर प्रत्येकात बल किती आहे ते आधी हवं. मूळ नकाशे मिळाले नाहीत.

सांध्यांची पद्धत लावली, म्हणजे एकेका सांध्याचा समतोल मांडत गेलो, तर टोकापासून सुरुवात करून मधल्या खालच्या कॉर्डपर्यंत, म्हणजे तळाच्या आडव्या मेंबरपर्यंत, पोचायला दहा सांधे सोडवावे लागतात, आणि तिसऱ्या सांध्यातली चूक दहाव्यापर्यंत निमूट चालत येते. आम्हाला सगळे मेंबर नकोत, चारच हवेत. म्हणून ट्रस हवा तिथे कापायचा, डावा तुकडा वेगळा काढायचा आणि त्या तुकड्याचा समतोल मांडायचा, म्हणजे छेद पद्धत वापरायची, असं ठरवलं.

गाळे १२, प्रत्येक ६ मीटर, एकूण ७२ मीटर. खालच्या सांध्यांना टोकापासून ख०, ख१ ते ख१२ आणि वरच्यांना व१ ते व११ अशी नावं दिली, ऑईलपेंटने पुलावरच लिहून टाकली. याला अर्धा दिवस गेला, पण त्यानंतर "तो तिसरा तिरपा, पण कुठून तिसरा?" हा वाद एकदाही झाला नाही. तिरपे मेंबर वरून खाली मध्याकडे उतरतात, म्हणजे व१–ख२, व२–ख३ असे, शेवटचा व५–ख६. उजवीकडे याचंच प्रतिबिंब. हा प्रॅट ट्रस. त्यात टोकाचे सोडले तर तिरपे ताणात आणि उभे दाबात असतात.

हवे असलेले मेंबर : वरची कॉर्ड व३–व४, तिरपा व३–ख४, उभा ख४–व४ आणि खालची कॉर्ड ख५–ख६.

२४ ऑक्टोबर : उंची चुकीची मोजली

होडी भरतीलाच पुलाखाली लागते, ओहोटीला चिखलात रुतते. भरतीच्या वेळा न पाहता गेलो म्हणून पहिली खेप फुकट, १,५०० रुपये गेले.

दुसऱ्या खेपेला उंची मोजली ती ८.३ मीटर. टेप खालच्या चॅनेलच्या तळापासून वरच्या कॉर्डच्या माथ्यापर्यंत धरला होता. गणितात लागते ती कॉर्डच्या मध्यरेषांमधली उंची, म्हणजे जिथे मेंबरांच्या रेषा सांध्यात एकमेकींना भेटतात तिथपासून तिथपर्यंत. तशी पुन्हा मोजली तर ८.० मीटर. फरक ३० सेंटिमीटरचाच आहे, पण कॉर्डमधलं बल म्हणजे मोमेंट भागिले उंची, आणि मोमेंट म्हणजे भार गुणिले त्याचं अंतर. उंची जास्त धरली की बल कमी निघतं. ही चूक धोक्याच्या बाजूची आहे आणि उत्तर पाहून ती कळत नाही. वरच्या कॉर्डचं ५७६ किलोन्यूटन बल ५५५ दिसलं असतं.

गाळा ६, उंची ८, म्हणून तिरपा बरोबर १० मीटर. तिरप्याचा उभा घटक बलाच्या ०.८ पट, आडवा ०.६ पट. असं सोपं प्रमाण नेहमी मिळत नाही. नाही मिळालं तर कोन मोजायच्या भानगडीत पडू नका, लांब्यांच्या गुणोत्तरानेच चाला.

२८ ऑक्टोबर : भार वाटताना खाल्लेली माती

दोन ट्रस आहेत म्हणून सगळा भार निम्मा-निम्मा वाटला. दीड दिवसाचं गणित त्यावर रचलं आणि नंतर फाडून टाकलं.

पाईप मधोमध नाही. दोन ट्रसमधलं अंतर ३ मीटर आणि पाईपची मध्यरेषा समुद्राकडच्या ट्रसपासून ०.६ मीटरवर. आडवी तुळई म्हणजे दोन टेकूंवरची साधी तुळई, तेव्हा जवळच्या ट्रसवर २.४ भागिले ३, म्हणजे पाईपचा ८० टक्के भार. पायवाट १.५ मीटर रुंद, तिची मध्यरेषा याच ट्रसपासून १.७५ मीटरवर, म्हणून तिचा सुमारे ४२ टक्के.

पाईप भरलेली असते हे विसरू नये. पाण्याचं वजनच मीटरला २.७७ किलोन्यूटन, ८ मिलिमीटर जाडीच्या नळाचं १.१६, जोड धरून एकूण ४. समुद्राकडच्या ट्रसचा हिशेब असा झाला : ट्रसचं आणि बांधणीचं वजन ४.२, पाईपचे ३.२, पायवाटेचे ०.६, मिळून मीटरला ८.० किलोन्यूटन कायमचा भार. निम्म्या वाटणीत हाच आकडा ६.९ आला होता, म्हणजे तब्बल १४ टक्क्यांनी कमी. माणसांची वर्दळ चौरस मीटरला ४ किलोन्यूटन धरली, त्यातून या ट्रसवर मीटरला २.५ येतात. निम्म्या वाटणीत ते ३.० होते.

गंमत अशी की दोन्ही भार बेरजेत घेतले तर ९.९ आणि १०.५. फरक सहा टक्क्यांच्या आतला, म्हणून चूक सहज झाकली गेली असती. पण दुरुस्ती करताना पायवाट बंद असणार, म्हणजे तेव्हा मेंबरात असेल तो नुसता कायमचा भार, आणि नेमका तोच आकडा चुकला होता.

आता भार सांध्यांवर. आडव्या तुळया फक्त सांध्यांवर टेकतात, म्हणून प्रत्येक आतल्या खालच्या सांध्यावर ८ गुणिले ६, म्हणजे ४८ किलोन्यूटन. वर्दळीचे १५.

३० ऑक्टोबर : प्रतिक्रिया, आणि न पकडली जाणारी चूक

पूर्ण भार ८ गुणिले ७२, म्हणजे ५७६. निम्मा २८८. हीच टोकाची प्रतिक्रिया, म्हणजे टेकूने वर दिलेलं बल, धरून पहिला छेद सोडवला. उत्तर आलं, पडताळाही जुळला, आणि तरी सगळं चूक.

टोकाच्या अर्ध्या गाळ्याचे २४ किलोन्यूटन ख० वरून थेट बेअरिंगमध्ये उतरतात. ट्रसमधून ते जातच नाहीत. म्हणून एक तर प्रतिक्रिया २८८ धरा आणि ख० वर खाली येणारे २४ ही मांडा, नाही तर दोन्ही सोडून प्रतिक्रिया २६४ धरा. आम्ही २८८ धरली आणि २४ विसरलो. वरच्या कॉर्डचं बल साडेबारा टक्क्यांनी फुगलं.

ही चूक इतकी सविस्तर लिहितो आहे कारण नेहमीचा पडताळा तिला पकडत नाही. छेदातल्या तीन बलांचे आडवे घटक जुळतात का हे सगळे पाहतात. आमचे जुळले होते : खालची कॉर्ड ५४० अधिक तिरप्याचा आडवा घटक १०८ बरोबर वरची कॉर्ड ६४८. तिन्ही बलं एकाच चुकीच्या प्रतिक्रियेतून काढलेली असल्यामुळे ती आपसात जुळणारच. हा पडताळा बेरीज-वजाबाकीची चूक दाखवतो, भाराची नाही.

पकडली ती दोन गोष्टींनी. एक, दोन प्रतिक्रियांची बेरीज ५७६ आणि आकृतीत काढलेल्या बाणांची बेरीज ११ गुणिले ४८, म्हणजे ५२८. दोन, ट्रस विसरून साधी तुळई धरली तर मध्यावरचा मोमेंट ८ गुणिले ७२ चा वर्ग भागिले ८, म्हणजे ५१८४. त्याला ८ मीटर उंचीने भागलं की ६४८, आणि मधल्या वरच्या कॉर्डमध्ये एवढंच यायला हवं. आमच्याकडे ७५६ आले होते. ही एक ओळीची पडताळणी छेद घेण्याआधीच कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

बेअरिंगबद्दल एक टीप. एका टोकाचा रोलर मिठाच्या हवेने गंजून भरलेला आहे. तो सरकत नसेल तर टोकाला आडवी प्रतिक्रिया तयार होते आणि ती सरळ खालच्या कॉर्डमध्ये शिरते. सध्या तो सरकतो असं धरून चाललो आहोत. हे गृहीतक आहे हे लक्षात ठेवून शेवटी तपासायचं.

१ नोव्हेंबर : पहिला छेद

छेद ख३ आणि ख४ यांच्या मधून उभा. कापले जातात तीन मेंबर : व३–व४, व३–ख४ आणि ख३–ख४. डावा तुकडा ठेवला. त्यावर वर जाणारे २६४ आणि ख१, ख२, ख३ वर खाली येणारे प्रत्येकी ४८. उजवीकडचा एकही भार या तुकड्यावर नाही.

अनोळखी बलं तिन्ही ताणात आहेत असं धरून बाण छेदापासून दूर काढले. कोणता मेंबर दाबात असेल याचा आधीच अंदाज बांधून बाण उलटे काढले की शेवटी वजा चिन्हाचा अर्थ काय, यावर गोंधळ होतो. सगळे ताणात धरा, वजा आलं तर दाब.

वरच्या कॉर्डसाठी मोमेंट ख४ भोवती घेतला, कारण बाकीचे दोन्ही कापलेले मेंबर ख४ मधूनच जातात आणि समीकरणातून गळून पडतात. ख४ स्वतः डाव्या तुकड्यात नाही, छेदाच्या पलीकडे आहे. त्याने काही बिघडत नाही. मोमेंट कोणत्याही बिंदूभोवती घेता येतो, मात्र भार घ्यायचे ते आपल्या तुकड्यावरचेच. इथे आमच्यापैकी एकाने ख४ वरचाही भार धरला होता. त्याचा हात शून्य असल्याने उत्तर बदललं नाही, पण तीच सवय तिरप्याच्या हिशेबात नडली.

२६४ × २४ − ४८ × (१८ + १२ + ६) = ४६०८. भागिले ८, म्हणजे ५७६ किलोन्यूटन दाब.

खालच्या कॉर्डसाठी मोमेंट व३ भोवती : २६४ × १८ − ४८ × (१२ + ६) = ३८८८. भागिले ८, म्हणजे ४८६ ताण. हा मेंबर आम्हाला नको होता, पण पडताळ्यासाठी काढला.

तिरप्यासाठी मोमेंट चालत नाही, कारण दोन्ही कॉर्ड समांतर आहेत, त्या कुठे भेटतच नाहीत. म्हणून उभ्या बलांची बेरीज : २६४ − ३ × ४८ = १२०. हे सगळं तिरप्यालाच पेलायचं आहे, कारण आडव्या कॉर्डना उभा घटकच नाही. १२० भागिले ०.८, म्हणजे १५० ताण. ख४ चा भार धरणाऱ्याला इथे ७२ आणि त्यातून ९० मिळाले होते.

पडताळा : ४८६ + ०.६ × १५० = ५७६. जुळला. भाराची बेरीज आधीच तपासलेली असल्यामुळे आता या जुळण्याला अर्थ आहे. दोन मेंबरांना मिळून चाळीस मिनिटं लागली.

४ नोव्हेंबर : उभ्या मेंबरसाठी उभा छेद चालत नाही

ख४–व४ उभा आहे, उभ्या छेदात तो सापडत नाही. छेद तिरका घ्यावा लागतो. डाव्या तुकड्यात ख४ ठेवायचा आणि व४ उजवीकडे सोडायचा. मग कापले जातात वरची कॉर्ड व३–व४, उभा ख४–व४ आणि खालची कॉर्ड ख४–ख५. व३–ख४ हा तिरपा पूर्ण डावीकडे राहतो, व४–ख५ पूर्ण उजवीकडे. पेन्सिलने रेघ ओढून ती किती मेंबरांवरून जाते ते मोजा. व४ डावीकडे घेतला तर दोन तिरपे आणि एक उभा असे सगळे एकदम कापले जातात आणि गाडी अडते.

आता ख४ डाव्या तुकड्यात आहे, म्हणून त्याचा भार धरायचा. पहिल्या छेदात धरायचा नव्हता. २६४ − ४ × ४८ = ७२, उभ्यात ७२ दाब.

इथे आणखी एक सुधारणा करावी लागली. सगळा भार खालच्या सांध्यांवर आहे असं धरलं होतं, पण ट्रसच्या स्वतःच्या वजनातला साधारण निम्मा वरच्या सांध्यांवर येतो. प्रत्येक वरच्या सांध्यावर २.१ गुणिले ६, म्हणजे १२.६ किलोन्यूटन, आणि तेवढेच खालच्या सांध्यावरून कमी. उभ्या छेदाला याने काही फरक पडत नाही, कारण ख३ आणि व३ दोन्ही एकाच बाजूला पडतात. तिरक्या छेदात ख४ डावीकडे, व४ उजवीकडे, म्हणून डावीकडचा भार १२.६ ने घटतो आणि उभ्यातला दाब ७२ ऐवजी ८४.६ होतो. साडेसतरा टक्के वाढ.

याच कारणाने व६ खालचा मधला उभा, ज्यावर पुस्तकी उत्तरात शून्य लिहिलं जातं, तो प्रत्यक्षात १२.६ दाब घेतो. शून्य बलाचा म्हणून तो काढून टाकायची सूचना एका बैठकीत आली होती. काढला असता तर १२ मीटर लांबीची वरची कॉर्ड मध्ये आधाराविना राहिली असती, आणि दाबातल्या मेंबरची आधारातली लांबी दुप्पट झाली की वाकण्याचा प्रतिकार चौथाईवर येतो.

७ ते ९ नोव्हेंबर : छेदात चार मेंबर

सर्वात जास्त वेळ या गाळ्याने खाल्ला. ख५–ख६ साठी मधल्या गाळ्यातून छेद घेतला आणि कागदावर तीन मेंबर सोडवले : खालची कॉर्ड ६३०, वरची ६४८, तिरपा ३०. पडताळा ६३० + १८ = ६४८, जुळला. पण पुलावरचे फोटो पुन्हा पाहताना दिसलं की मधल्या दोन गाळ्यांत तिरपे फुलीसारखे आहेत. व५–ख६ बरोबर ख५–व६ हाही आहे. तो बारीक चपट्या पट्टीचा, म्हणून रेखाटनात सुटला होता. म्हणजे छेद चार मेंबरांना कापतो आणि समतोलाची समीकरणं तीनच.

आधी विचार केला की दुसरा छेद घेऊन चौथं समीकरण मिळवू. नाही मिळत. त्या गाळ्यातून कुठूनही गेलात तरी फुलीचे दोन्ही हात कापले जातात. यात एक पूर्ण दिवस गेला.

मार्ग असा निघाला. पट्टी इतकी सडपातळ आहे की दाब घेऊच शकत नाही, थोड्या दाबालाच वाकते. तेव्हा एका वेळी फुलीतला जो हात ताणात जाईल तोच काम करतो, दुसरा सैल पडतो. मुख्य तिरपा ताणात असेल तर पट्टी नाही असं समजा, उलट असेल तर मुख्य तिरपा नाही असं समजा, आणि दोन्ही वेळा तीनच मेंबर उरतात.

मुख्य तिरपा काम करत असेल तर ख५–ख६ साठी मोमेंट व५ भोवती, ५०४० भागिले ८, म्हणजे ६३०. पट्टी काम करत असेल तर मोमेंट व६ भोवती, ५१८४ भागिले ८, म्हणजे ६४८. दोघांनी वाटून घेतलं तर मधलं काहीतरी. फरक तीन टक्के. तेव्हा वाटणी नेमकी कशी होते यात डोकं घालण्याची गरजच नाही, ६४८ धरून पुढे गेलो. खालच्या कॉर्डसाठी हे चालतं. फुलीच्या हातांमधलं बल हवं असतं तर मात्र असं भागलं नसतं.

पट्टी मुळात का आहे याचंही उत्तर मिळालं. वर्दळ फक्त डाव्या अर्ध्यावर, ख१ ते ख५ पर्यंत उभी केली तर या गाळ्यातलं कातरबल, म्हणजे छेदावरचं उभं बल, उलट्या दिशेने १८.७५ होतं, म्हणजे तिरप्यात २३.४ दाब. कायमच्या भाराचा ताण ३०, तेव्हा ६.६ ताण उरतो, तिरपा जेमतेम वाचतो. डोंगराकडच्या ट्रसवर पाईपचं वजन कमी आणि वर्दळ जास्त. तिथे कायमचा ताण २१.९ आणि उलटा दाब ३२.८, म्हणजे बल खरोखर उलटतं आणि पट्टी कामाला लागते. पुलाला हलका भार जास्त सुरक्षित असतो असं वाटतं, मधल्या तिरप्यांच्या बाबतीत ते खरं नाही.

सुरुवातीच्या निम्म्या वाटणीने समुद्राकडच्या ट्रसमध्येही उलटं बल दाखवलं होतं, २.२ दाब. त्यावरून या पट्ट्या बदलायचा अंदाजपत्रकात एक वेगळा मुद्दा घातला होता, तो काढला.

१२ नोव्हेंबर : वर्दळ कुठे उभी करायची

कॉर्डसाठी सोपं आहे. पूल पूर्ण भरला की कॉर्डमधलं बल सर्वात जास्त. ख५–ख६ मध्ये ६४८ × १५/४८, म्हणजे २०२.५ वाढतात, एकूण ८५० किलोन्यूटन. व३–व४ मध्ये ५७६ अधिक १८०, एकूण ७५६.

तिरप्यासाठी पूर्ण पूल भरणं हे वाईटातलं वाईट नाही. व३–ख४ ला सर्वात जास्त ताण येतो तो छेदाच्या उजवीकडे, ख४ पासून ख११ पर्यंतच माणसं असताना. तेव्हा डावी प्रतिक्रिया १५ × (८ + ७ + … + १)/१२ = ४५, आणि डाव्या तुकड्यावर वर्दळीचा दुसरा भारच नाही. ताण ५६.३. पूर्ण पूल भरला तर ४६.९. एकूण १५० अधिक ५६, म्हणजे २०६. उभ्या ख४–व४ साठी हाच न्याय, फक्त माणसं ख५ पासून पुढे : प्रतिक्रिया ३५, एकूण सुमारे १२० दाब.

१८ नोव्हेंबर : उरलेली जाडी

थिकनेस गेज दोन दिवस भाड्याने, ५,००० रुपये. गंजाचे पापुद्रे आणि जुना रंग खरवडल्याशिवाय आकडे खोटे येतात. पहिल्या दिवशीचे अर्धे आकडे त्यामुळेच टाकले.

ख५–ख६ मध्ये २५० मिलिमीटरचे दोन चॅनेल आहेत. पाणी साचतं त्या जागी, रिव्हेटची भोकं वजा जाता, ६१ चौरस सेंटिमीटर उरलेत. पूर्ण वर्दळीत ८५० किलोन्यूटनला १३९ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताण, नुसत्या कायमच्या भारात १०६. मऊ पोलादाला १५० ची मर्यादा धरली तर आज पडत नाही, पण पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांना जागा उरत नाही. तिरपा आणि वरची कॉर्ड यांची स्थिती बरी निघाली, उभ्याला नुसता रंग पुरेल.

२६ नोव्हेंबर : पाईप रिकामी करून तपासणी

पाणीपुरवठा बंद ठेवायचा दिवस आधीच ठरलेला होता, त्याचा फायदा घेतला. ख५–ख६ च्या न गंजलेल्या भागावर, जिथे पूर्ण ७७ चौरस सेंटिमीटर आहेत, दोन्ही चॅनेलना लांबीतला बारीक बदल मोजणारा एकेक स्ट्रेनगेज लावला. सगळी मोजणी पहाटे, उन्हं यायच्या आत, आणि सोबत भार नसलेल्या सुट्या पट्टीवर एक जादा गेज, तापमानाचा फरक वजा करायला.

पाणी गेलं की ट्रसवरून मीटरला २.२२ किलोन्यूटन उतरतात. त्यावरून खालच्या कॉर्डमधलं बल १७५ ते १८० ने कमी व्हायला हवं, मुख्य तिरपा काम करतो की पट्टी यावर अवलंबून. गेजांवर ९७ आणि १३१ मायक्रोस्ट्रेन आले. सरासरी ११४, म्हणजे सुमारे १७६ किलोन्यूटन.

सरासरी जुळली, त्यामुळे भारवाटपावर आणि २६४ वर विश्वास बसला. रोलर पूर्ण जाम असता तर एवढा बदल कॉर्डमध्ये दिसला नसता. पट्टी आणि तिरपा यांतलं कोण काम करतं हे मात्र या मोजणीतून कळत नाही, तेवढी ती बारीक नाही.

पण दोन चॅनेलमध्ये इतका फरक का? सांधे पिनचे, म्हणजे मोकळे फिरणारे, आहेत असं छेद पद्धत धरून चालते, तर इथे रिव्हेट मारलेल्या गसेट प्लेटा आहेत. शिवाय आडवी तुळई कॉर्डला एका बाजूने जोडलेली. त्यामुळे कॉर्ड ताणासोबत थोडी वाकतेही. छेद पद्धत मेंबरमधलं एकूण बल देते, ते दोन चॅनेलमध्ये कसं वाटलं जातं ते सांगत नाही. प्लेटा ठरवताना जास्त भरलेल्या चॅनेलला सरासरीपेक्षा १५ टक्के जास्त धरलं.

३ डिसेंबर : फॅब्रिकेटरला काय दिलं

कागदावर प्रत्येक मेंबरला दोन आकडे : कायमचा भार आणि वर्दळीसकट सर्वात जास्त. व३–व४ दाब ५७६ आणि ७५६, व३–ख४ ताण १५० आणि २०६, ख४–व४ दाब ८५ आणि १२०, ख५–ख६ ताण ६४८ आणि ८५०. ताण आणि दाब अक्षरांत लिहिले, अधिक-वजा चिन्हं दिली नाहीत.

फॅब्रिकेटर मेस्तांना एकच गोष्ट दोनदा सांगितली. ख५–ख६ च्या प्लेटा पाईप भरलेली असताना घट्ट केल्या तर आधीचे ६४८ किलोन्यूटन जुन्या गंजलेल्या लोखंडातच राहतात, नवी प्लेट फक्त नंतरच्या वर्दळीतला वाटा उचलते. पाईप रिकामी असताना बोल्ट आवळले तर पाणी परत भरताना येणाऱ्या १७५–१८० मधलाही वाटा प्लेटांकडे जातो. पुढची पाणीबंदी १९ तारखेला आहे. त्या पहाटे ओहोटी असेल, म्हणून होडी आदल्या भरतीलाच पुलाखाली नांगरून ठेवायची.